दुसऱ्या ट्रॉलीची मागची बाजू: ऊस वाहतुकीतील रात्रीच्या दृश्यतेचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामातील आहे. मी त्या वेळी कारखान्याच्या शेती विभागात ऊस वाहतुकीचे काम पाहत होतो, त्यामुळे येथे नोंदवलेल्या निर्णयांपैकी काही माझे आहेत आणि त्यांतल्या चुकाही माझ्याच आहेत. कारखान्याची, गावांची आणि माणसांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

कारखान्याकडे येणारा मुख्य रस्ता हा दोन पदरी राज्यमार्ग आहे. त्यातील सुमारे चौदा किलोमीटरच्या पट्ट्यात रस्त्यावर दिवे नाहीत, साइडपट्ट्या खचलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना ऊसच असल्याने अंधार अधिकच दाट वाटतो. हंगामात या पट्ट्यावरून तीन प्रकारची वाहने ऊस आणतात. पहिला प्रकार दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचा, ज्याला सगळे डबल ट्रॉली म्हणतात. दुसरा टायर बैलगाड्यांचा. या गाड्या बहुतेक करून कारखान्याच्याच मालकीच्या असतात आणि ऊसतोड मजुरांना हंगामापुरत्या भाड्याने दिल्या जातात. तिसरा प्रकार छोट्या ट्रॅक्टरमागे दोन-तीन गाडे जोडून चालणाऱ्या जुगाडांचा.

कारखाना चोवीस तास चालतो, पण ऊस पहाटेपासून तोडला जातो. मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दुपार उलटते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे फडातून निघालेली बैलगाडी निम्म्या वाटेवर असतानाच अंधार पडतो. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा असल्याने आठ किलोमीटरला दोन तास सहज लागतात. डबल ट्रॉलीच्या खेपा तर मध्यरात्रीनंतरही चालू असतात.

घटना

हंगामाच्या पाचव्या आठवड्यात रात्री सव्वानऊच्या सुमारास एका डबल ट्रॉलीच्या मागच्या ट्रॉलीचे टायर फुटले. चालकाने ट्रॅक्टर डावीकडे घेतला, परंतु साइडपट्टी खचलेली असल्याने ट्रॉली कलंडेल या भीतीने अर्धी ट्रॉली डांबरावरच ठेवली. चाकांना दगडांची उटी लावली, मागे दोन दगड मांडून त्यांवर उसाची वाढे टाकली आणि तो जॅक आणण्यासाठी मोबाइलवर बोलत पुढच्या वस्तीकडे चालत गेला. सुमारे वीस मिनिटांनी मागून आलेली दुचाकी थेट ट्रॉलीवर आदळली. चालवणारा तरुण जागीच गेला आणि मागे बसलेल्याचा पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर गेलो तेव्हा ट्रॉली तशीच उभी होती. तिच्या मागच्या फळीवर दोन लाल रिफ्लेक्टर होते आणि ते फुटलेलेही नव्हते. मात्र फळीच्या वरून उसाचे शेंडे दीड-दोन हात मागे लोंबत होते आणि रिफ्लेक्टर त्या शेंड्यांच्या आड पूर्णपणे झाकले गेले होते. शेंडे हाताने बाजूला केल्यावरच ते दिसले. मागच्या दिव्याची काच केव्हाच गेली होती आणि त्याची वायर पुढच्या ट्रॉलीच्या हुकाला गुंडाळून ठेवलेली होती.

पुढील आठवड्यात कागदपत्रांची तपासणी झाली. ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा दोन्ही चालू होते. पुढची ट्रॉली नोंदलेली होती. ज्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली ती मागची ट्रॉली मात्र एका स्थानिक वर्कशॉपमध्ये तयार केलेली होती आणि तिची नोंदणी झालेलीच नव्हती. साहजिकच तिचा स्वतंत्र विमाही नव्हता, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीने पहिला आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर.

नियम काय सांगतात

येथे नियमांचा थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण घटनेनंतर झालेल्या पहिल्याच बैठकीत निम्म्या वाहतूकदारांचे म्हणणे असे होते की ट्रॉलीला इंजिनच नाही, तेव्हा ती वाहन कशी. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे आणि कलम ३९ नुसार नोंदणीविना कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणून त्यामागच्या ट्रॉलीची नोंदणी आपोआप होत नाही. प्रत्येक ट्रॉलीचा क्रमांक वेगळा असतो.

दिव्यांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ लागू होतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. नियम १०४ रिफ्लेक्टरसंबंधी आहे आणि मागच्या बाजूला दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर असावेत अशी त्याची मूळ अपेक्षा आहे. परावर्तक पट्ट्यांचा संकेत पुढे पांढरा, बाजूला पिवळा आणि मागे लाल असा आहे, आणि या पट्ट्यांसाठी एआयएस-०९० हे मानक आहे.

बैलगाडीची गोष्ट निराळी आहे. ती मोटार वाहन नाही, त्यामुळे परिवहन कार्यालयात तिची नोंदणी होत नाही आणि वरील नियमही तिला थेट लागत नाहीत. रस्त्यावरच्या शिस्तीपुरता पोलिसांचा अधिकार तिच्यावर चालतो, पण तिच्या मागे काय लावलेले असावे हे तपासून प्रमाणपत्र देणारी कोणतीही यंत्रणा नाही. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील टांगण्याची रीत होती. टायर गाड्या आल्या, ऊस साट्याच्या खाली लोंबेपर्यंत भरला जाऊ लागला आणि कंदील गेला.

नेमकी अडचण

ट्रॉलीवर रिफ्लेक्टर नव्हते असे म्हणता येत नव्हते. रिकाम्या ट्रॉलीची दिवसा पाहणी करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने तिला रिफ्लेक्टरच्या बाबतीत योग्य ठरवले असते. दोष असा होता की तपासणी रिकाम्या वाहनाची होत होती आणि धोका भरलेल्या वाहनाचा होता.

मागून येणाऱ्याला किती अंतर लागते याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद धरले तर ३४ मीटर तेथेच संपतात आणि त्यानंतर गाडी थांबायला सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे ६० मीटरच्या अलीकडे दिसलेली वस्तू त्या चालकाच्या दृष्टीने न दिसल्यासारखीच असते. कारखान्याच्या आतील सरळ रस्त्यावर आम्ही रात्री दुचाकीच्या डिम लाइटमध्ये भरलेली ट्रॉली पाहिली, तेव्हा वाळलेल्या पाचटाचा तो मळकट ढीग ४० मीटरपर्यंत आल्यावर जेमतेम ओळखू आला. समोरून दुसऱ्या वाहनाचा प्रखर दिवा डोळ्यांवर असताना हे अंतर आणखी घटले.

मागचे दिवे का नसतात याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नव्हते. कारखान्यात ट्रॉली रिकामी करताना उसाखाली आधीच अंथरलेल्या दोरांत अडकवून क्रेन संपूर्ण भार उचलते, आणि त्या ओढाताणीत मागचा दिवा आठवडाभरही टिकत नाही. त्यात मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर नेताना दोन जोड येतात आणि वळणावर त्यांतला एखादा निघतो. चालक दोन-तीनदा नवा दिवा बसवतात, मग सोडून देतात. भरपाई म्हणून काही जण ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा नांगरणीचा पांढरा दिवा मागे तोंड करून लावतात. तो दिवा ट्रॉलीवरचा ऊस उजळतो खरा, पण कडेने सुटणारा झोत मागच्याचे डोळे दिपवतो. समोरून पाहिले तर एकच हेडलाइट चालू असलेला ट्रॅक्टर दुचाकीसारखा भासतो. टेपचा आवाज इतका मोठा असतो की मागच्याचा हॉर्न चालकापर्यंत पोहोचतच नाही. ही तक्रार त्या पट्ट्यातल्या प्रत्येक एसटी चालकाने आमच्याकडे केली.

विचारात घेतलेले पर्याय

घटनेनंतर गावकऱ्यांनी रास्ता रोको केला आणि त्यांची पहिली मागणी रात्रीची ऊस वाहतूक पूर्ण बंद करण्याची होती. ती आम्ही गांभीर्याने तपासली. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखर उताराही घसरतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे दोघांचेही होते. शिवाय रात्री यंत्राकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीत ऊस पडत राहावा म्हणून दिवसा यार्डात मोठा साठा करायचा तर तेवढी जागाच नव्हती. ही मागणी ट्रॅक्टरसाठी मान्य करणे शक्य नव्हते. बैलगाड्यांसाठी मात्र ती काही अंशी शक्य होती, कारण बैलगाड्या जवळच्या फडांतून येतात आणि त्यांची तोड सकाळी लवकर संपवता येते.

दुसरा पर्याय प्रत्येक ट्रॉलीला चालू दिवा सक्तीचा करण्याचा होता. कायद्याची अपेक्षा तीच आहे आणि त्यामुळे तो पर्याय नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु क्रेनखाली रोज तुटणाऱ्या दिव्यावर संपूर्ण व्यवस्था टांगून ठेवणे आम्हाला धोक्याचे वाटले. दिवा हवाच, पण तो नसेल त्या रात्रीही ट्रॉली दिसली पाहिजे, असे सूत्र ठरले.

तिसरा पर्याय सर्वांत सोपा होता, तो म्हणजे सर्व ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या चिकटवणे. चौथा पर्याय भरलेल्या उसावर बाहेरून टांगायच्या कापडी पट्ट्याचा होता. तो एका मुकादमाने सुचवला. ट्रॉलीवर पट्टी लावण्याचे ठरत असताना तो म्हणाला, “साहेब, तुम्ही ट्रॉलीला लावताय, पण मागच्याला ट्रॉली दिसतच नाही, ऊस दिसतो. लावायचं तर उसाला लावा.” बैठकीत हे वाक्य हसण्यावारी गेले. आम्ही तिसरा पर्याय निवडला.

पहिला निर्णय आणि त्याचे अपयश

पट्ट्या चिकटवण्याचे काम तीन दिवसांत उरकले. अधिकारी आले, फलक लागला, फोटो निघाले. बाजारात ज्याला सरसकट रेडियम म्हणतात ती चमकदार पट्टी मोठ्या प्रमाणात आणली गेली. रेडियम हे नाव बोलीत रुळले आहे एवढेच, त्यात रेडियम नसते.

दहा दिवसांनी आम्ही रात्री आठ ते दहा या वेळेत रस्त्याच्या त्या अंधाऱ्या पट्ट्यावर दुचाकीने फेरी मारली आणि भरलेली ४० वाहने मोजली. शंभर मीटरवरून डिम लाइटमध्ये मागची बाजू ओळखू येते का, एवढाच निकष होता. पट्ट्या लावण्यापूर्वी झालेल्या फेरीत चाळीसपैकी ७ वाहने दिसली होती. आता १३ दिसली. तीन दिवसांच्या मोहिमेचे फळ एवढेच होते.

कारणे शोधली तेव्हा तीन सापडली. पहिले कारण मुकादमाने सांगितलेलेच होते: शेंडे खाली लोंबले की पट्टी झाकली जाते. दुसरे कारण चिखल आणि धूळ. फडातून बाहेर पडताना मागच्या चाकांनी उडवलेला चिखल फळीवर बसतो आणि वाळतो. तिसरे कारण आमच्या खरेदीचे होते. आणलेल्या पट्टीतला मोठा भाग दिवसा चकाकणाऱ्या साध्या स्टिकरचा होता. खरी परावर्तक पट्टी आलेला प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून ती हेडलाइटमागे बसलेल्याला पेटल्यासारखी दिसते. साधे चमकदार स्टिकर प्रकाश आरशासारखा भलतीकडे फेकते. हे ओळखण्याची कसोटी अगदी सोपी आहे. रात्री पन्नास पावलांवर उभे राहून टॉर्च आपल्या कानशिलाशी, डोळ्यांच्या रेषेत धरावा आणि पट्टीवर मारावा, नंतर तोच टॉर्च हात लांब करून बाजूला धरावा. खरी पट्टी पहिल्या वेळी झळकते आणि दुसऱ्या वेळी मंदावते. साध्या स्टिकरमध्ये दोन्ही वेळा फारसा फरक पडत नाही. ही चाचणी आम्ही खरेदीपूर्वी करायला हवी होती, ती नंतर केली.

दुसरा निर्णय: उसावर टांगायचा पट्टा

त्यानंतर मुकादमाच्या सूचनेकडे परत जावे लागले. जाड कापडाचा, ट्रॉलीच्या रुंदीएवढा आणि हातभर उंचीचा पट्टा शिवून घेतला, त्यावर मानकाची खूण असलेल्या परावर्तक पट्टीच्या दोन आडव्या ओळी बसवल्या आणि वरच्या कडेला हुक लावले. ऊस भरून दोर आवळल्यावर शेवटी हा पट्टा मागे बांधायचा.

पट्टीच्या रंगावर बराच वाद झाला. त्याच दर्जाची पांढरी पट्टी लाल पट्टीपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश परत पाठवते, म्हणून पांढरी लावावी असे काहींचे म्हणणे होते. परंतु रात्री समोर पांढरे दिसले की वाहन आपल्याकडे येत आहे असे मन धरते आणि लाल दिसले की ते पुढे आहे असे समजते. या संकेतात गोंधळ घालणे योग्य नव्हते आणि नियमही लालच सांगतो. लाल पट्टीची उणीव आम्ही तिची रुंदी वाढवून भरून काढली.

बांधण्याच्या जागेत पहिल्या आठवड्यात चूक झाली. चालकांनी पट्टा भाराच्या वरच्या टोकाला, जमिनीपासून तीन मीटरवर बांधला, कारण तेथे दोर हाताशी असतो आणि वर बांधलेले लांबून दिसेल असे कोणालाही वाटते. फेरीत असे आढळले की तो डिम लाइटमध्ये जवळजवळ दिसतच नाही. डिम लाइटचा झोत मुद्दाम खाली वळवलेला असतो आणि दिव्याच्या उंचीच्या वर फार थोडा प्रकाश जातो. पट्टा छातीच्या उंचीवर, सुमारे सव्वा मीटरवर आणल्यावर तो झळकू लागला. वारा आणि लोंबते शेंडे त्याला तिरका करत होते, म्हणून खालच्या कडेत एक सळी शिवली, जेणेकरून तो सरळ लोंबेल.

बैलगाडीसाठी हाच पट्टा लहान आकारात केला आणि साट्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी लावली. गाड्या कारखान्याच्याच असल्याने येथे कोणाची परवानगी लागली नाही. समोरच्या बाजूसाठी जूवर पांढरी पट्टी बसवली. बैलांचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात हे खरे, परंतु बैलाने मान खाली घातली की तेही दिसत नाहीत.

कारखान्याच्या अभियंत्याचा एक आक्षेप मात्र महत्त्वाचा होता. पट्टा उसाबरोबर गव्हाणीत पडला तर सळीसकट तो ऊस तोडणाऱ्या यंत्रात जाईल. म्हणून क्रेनच्या अलीकडे एक माणूस नेमला, जो पट्टा सोडवून घेई आणि ट्रॉली रिकामी होऊन बाहेर पडताना परत देई. रिकाम्या परतीच्या वाटेवर फळीवरची चिकटवलेली पट्टी उघडीच असते, त्यामुळे तिसऱ्या पर्यायावरचा खर्च अगदीच वाया गेला नाही.

तिसरा निर्णय: तपासणी कोठे करायची

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो पट्ट्याचा नसून जागेचा आहे. सुरुवातीला आम्ही असा नियम केला की पट्टा नसलेल्या गाडीला गेटवर अडवायचे आणि काट्यावर घ्यायचे नाही. चार दिवसांत त्यातला दोष उघड झाला. गेटवर पोहोचलेली गाडी अंधारा रस्ता ओलांडून आलेली असते. चालक कारखान्याच्या कमानीपाशी थांबून सीटखालचा पट्टा काढत, बांधत आणि आत येत. त्याहून वाईट म्हणजे अडवलेल्या गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावरच लागू लागली, आणि धोका कमी करण्यासाठी केलेल्या नियमाने नवा धोका उभा केला.

तेव्हा तपासणी फडावर नेली. फडातून निघणाऱ्या प्रत्येक खेपेला कारखान्याचा चिटबॉय स्लिप देतो, आणि स्लिपशिवाय काट्यावर वजन होत नाही. पट्टा बांधलेला पाहिल्याशिवाय स्लिप लिहायची नाही आणि स्लिपवर तशी खूण करायची, एवढाच बदल केला. त्यासाठी नवा माणूस लागला नाही. मात्र चिटबॉय हा गावातलाच वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो आणि ट्रॅक्टरमालक बहुधा त्याच्या ओळखीतला असतो. “अरे, लिही की, पुढं बांधतो” असे म्हटल्यावर त्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून रात्री एक फिरते पथक ठेवले. पथकाला पट्टा नसलेली पण स्लिपवर खूण असलेली गाडी सापडली तर वाहतूकदाराच्या बिलातून रक्कम कापली जाई आणि चिटबॉयला फक्त विचारणा होई. दंड मुलावर पडणार नाही असे ठरवल्यामुळे तो खरी नोंद करू लागला, असा आमचा अनुभव आहे.

बंद पडलेल्या वाहनांसाठी वेगळी सोय करावी लागली, कारण मूळ अपघात चालत्या ट्रॉलीशी झालेला नव्हता. प्रत्येक ट्रॅक्टरला परावर्तक त्रिकोण दिला आणि तो ट्रॉलीपासून मागे किमान ८० पावले ठेवायला सांगितले. चालक त्रिकोण ट्रॉलीला टेकवून ठेवतात आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. पथकाकडे जॅक, जास्तीची लाल बॅटरी आणि एक फोन असे. गाडी सोडून कोणी जायचे नाही, फोन करायचा आणि पथक येईपर्यंत मागे उभे राहून टॉर्च हलवायचा, असा नियम होता. पथकाचे आणखी एक काम पहाटे रस्त्यावर राहिलेले दगड उचलण्याचे होते. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, उटीचे दगड तेथेच राहतात आणि पुढची दुचाकी त्यांवर पडते.

नोंदणीचा प्रश्न

नोंदणीबाबत आम्हाला तेवढे यश आले नाही. करारातील सर्व ट्रॉल्यांची यादी केली तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक ट्रॉल्यांची कागदपत्रे मिळाली. उरलेल्यांपैकी काहींची नोंदणी केवळ आळसामुळे राहिली होती, आणि ती दोन महिन्यांत पूर्ण झाली. मोठा भाग मात्र वर्कशॉपमध्ये अँगल आणि जुने आस जोडून बनवलेल्या ट्रॉल्यांचा होता. नोंदणीसाठी विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे नमुना २१ आणि नमुना २२. मान्यताप्राप्त उत्पादकच नसलेल्या ट्रॉलीला हे कागद कोण देणार? मालकाची इच्छा असली तरी अर्ज पुढे सरकत नव्हता.

अशा ट्रॉल्या त्याच दिवशी बंद कराव्यात असे माझे मत होते. संचालकांनी ते मान्य केले नाही, कारण हंगामाच्या मध्यावर वाहतूक क्षमता तेवढी घटली असती. मधला मार्ग असा निघाला की चालू हंगामात अशा ट्रॉलीने मागची ट्रॉली म्हणून जायचे नाही, पुढच्या जागीच जोडायची, आणि पुढील हंगामाच्या करारात तिला घ्यायचे नाही. मागून येणारे वाहन आदळते ते मागच्या ट्रॉलीवर, म्हणून निदान ती नोंदलेली आणि विमा असलेली असावी, हा त्यामागचा विचार. कायद्याच्या दृष्टीने ही पळवाटच होती, आणि विनानोंदणी ट्रॉली पुढे जोडली म्हणून ती वैध होत नाही, हे मी टिपणीत लिहून ठेवले आहे.

परिणाम

कापडी पट्टा आणि फडावरची तपासणी सुरू झाल्यानंतर तीन आठवड्यांनी घेतलेल्या फेरीत चाळीसपैकी ३४ वाहने शंभर मीटरवरून ओळखू आली. फेब्रुवारीअखेर हीच संख्या २९ वर आली. पट्टे मळले होते, काही फाटले होते आणि काहींच्या हुकांचा वापर इतर कामांसाठी झाला होता. बैलगाड्यांपैकी बहुतेक सहाच्या आत गेटमध्ये येऊ लागल्या, मात्र लांबच्या दोन गावांतील टोळ्यांना ते अखेरपर्यंत जमले नाही.

उरलेल्या हंगामात रस्त्याच्या त्या पट्ट्यावर उसाच्या वाहनावर मागून आदळून कोणी दगावले नाही. परंतु एवढ्या छोट्या काळातील अपघातांच्या संख्येवरून उपाय यशस्वी झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. अशा घटना मुळातच मोजक्या असतात आणि एखादा हंगाम नशिबानेही कोरा जातो. मी फेरीतील दृश्यतेच्या मोजणीवर अधिक विश्वास ठेवतो. एक किरकोळ अपघात मात्र झाला आणि त्याने आमच्या व्यवस्थेतील भोक दाखवले. डबल ट्रॉली उजवीकडच्या फडरस्त्याला वळताना संपूर्ण रस्त्यावर आडवी झाली असताना समोरून आलेली जीप मधल्या जोडाजवळ आदळली. मागे पट्टा व्यवस्थित होता, समोर ट्रॅक्टरचा दिवाही होता, पण चालकासमोर होती ती ट्रॉलीची बाजू, आणि ती पूर्ण काळी होती. बैलगाडीच्या बाजूला पिवळी पट्टी लावणारे आम्ही ट्रॉलीची बाजू विसरलो होतो.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वांत आधी वेळ बदलावी लागेल. वाहतूकदारांशी करार आणि उचल जून-जुलैमध्ये होते आणि तेव्हाच अटी घालण्याची ताकद कारखान्याकडे असते. हंगाम सुरू झाल्यावर गाडी कारखान्याला हवी असते आणि तराजू वाहतूकदाराकडे झुकतो. ट्रॉलीचे नोंदणीपत्र, विमा, बाजूची पिवळी पट्टी आणि कापडी पट्ट्याची अनामत या चारही गोष्टी उचलीच्या कागदाला जोडाव्यात.

पट्टा धुण्याचे काम कोणाचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते. पुढच्या वेळी क्रेनजवळच्या माणसाकडे पाण्याचा ड्रम आणि फडके असेल, कारण पट्टा रोज त्याच्या हातातून जातो. मागच्या दिव्याबाबत, ट्रॉलीला कायम बसवलेल्या दिव्याबरोबरच पट्ट्याच्या हुकाला अडकवायची लाल बॅटरी द्यावी असे वाटते. उतरवताना ती पट्ट्याबरोबर निघेल आणि क्रेनखाली सापडणार नाही. आम्ही दहा गाड्यांवर हा प्रयोग केला, त्यांतल्या चार बॅटऱ्या महिनाभरात चार्जिंगअभावी बंद राहिल्या आणि दोन हरवल्या. चार्जिंगची सोय काट्याजवळ करायची की मुकादमाच्या खोपीवर, यावर शेती विभाग आणि वाहतूकदार यांच्यात अजून एकमत झालेले नाही, आणि खोपीवर वीजच नसते हे त्याचे साधे कारण आहे.